गोंगाटाच्या खोलीत डायनॅमिक की कंडेन्सर? आधी अंतर ठरवा, मग माइक

"पंखा आणि रस्ता ऐकू येतो म्हणून कंडेन्सर विकला, डायनॅमिक घेतला, तरी पंखा आहे तिथेच आहे." ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता समोरच्याला पहिला प्रश्न एकच विचारतो: माइक तोंडापासून किती लांब आहे? उत्तर बहुतेक वेळा "टेबलावर, लॅपटॉपच्या शेजारी" असं येतं. म्हणजे दीड फूट. तिथे कुठलाही माइक ठेवला तरी पंखा ऐकू येणारच.

पुढे गोंधळ नको म्हणून एक खुलासा. मराठीत आपण बोलण्यालाही आवाज म्हणतो आणि कूकरच्या शिट्टीलाही. या लेखात आवाज म्हणजे तुमचं बोलणं, बाकी सगळा गोंगाट.

## गैरसमज कुठून येतो

डायनॅमिक माइक गोंगाट "पकडत नाही" असं सर्रास सांगितलं जातं. तो सगळंच कमी पकडतो, ही त्यातली खरी गोष्ट. श्युअर एसएम५८ या डायनॅमिक माइकवर ठरावीक दाबाची ध्वनिलहर पडली की त्यातून साधारण १.८५ मिलिव्होल्ट निघतात. तीच लहर रोड एनटी१-ए या कंडेन्सरवर पडली तर २५ मिलिव्होल्ट. फरक २२ डेसिबलच्या वर आहे. त्यामुळे गेनचं, म्हणजे माइकचा सिग्नल वाढवणारं बटण एकाच जागी ठेवून दोन्ही ऐकले की डायनॅमिक एकदम शांत वाटतो. पण त्यात तुमचा आवाजही तेवढाच बारीक झालेला असतो. तो नेहमीच्या पातळीला आणायला गेन वाढवला की पंखाही बरोबरीने वर येतो. दोन्ही माइक कार्डिऑइड, म्हणजे समोरून जास्त आणि मागून कमी ऐकणारे असतील, आणि तोंडापासून सारख्याच अंतरावर असतील, तर आवाज आणि गोंगाट यांच्यातली तफावत जवळपास सारखीच निघते.

मग डायनॅमिकने फरक पडतो असा लोकांचा अनुभव खोटा का? नाही. हातात धरायचा डायनॅमिक माइक ओठांशी नेऊन वापरण्यासाठीच बनवलेला असतो, म्हणून माणूस आपोआप जवळ येतो. सगळी जादू त्या जवळ येण्यात आहे. शिवाय बरेच कंडेन्सर वरच्या पट्टीतला, म्हणजे "स", "श" आणि श्वासाच्या जागेतला भाग ठळक करतात, त्यामुळे पंख्याची सळसळ आणि भांड्यांची खणखण कानाला जास्त टोचते. एसएम५८ त्या पट्टीच्या अगदी वरच्या टोकाला झपाट्याने मंद होतो. गोंगाट असतोच, पण तो कमी बोचतो.

## पायरी १: माइक घेण्याआधी खोली मोजा

ज्या वेळी प्रत्यक्ष रेकॉर्डिंग करणार, त्याच वेळी हे करा. रविवारी दुपारी मोजायचं आणि सोमवारी सकाळी पाण्याच्या पंपाच्या वेळेत रेकॉर्ड करायचं, याला अर्थ नाही.

कुठलाही उसना माइक चालेल. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ३० सेकंद गप्प बसून नुसती खोली रेकॉर्ड करा आणि लगेच, काहीही न हलवता, ३० सेकंद नेहमीच्या आवाजात वाचा. आता पूर्ण पट्टी निवडून High-Pass Filter लावा आणि Frequency ८० ठेवा. ही पायरी बहुतेकजण गाळतात. बस-ट्रकची घरघर आणि इमारतीची थरथर कानाला फारशी जाणवत नाही, पण मोजणीत ती आकडा फुगवते.

मग Analyze > Contrast उघडा. वाचनाचा तुकडा निवडून Foreground समोरचं Measure selection दाबा, गप्प बसल्याचा तुकडा निवडून Background समोरचं. खाली Difference मध्ये येणारा आकडा म्हणजे तुमची तफावत. सगळा लेख या एका आकड्याभोवती फिरतो.

किती हवी? ऑडिओबुकसाठी एसीएक्स या ऑडिबलच्या मंचाचा नियम आहे की वाचनाची सरासरी पातळी -२३ ते -१८ डेसिबलमध्ये असावी आणि शांतता -६० च्या खाली. म्हणजे तफावत ढोबळमानाने ४० हवी. पॉडकास्टला ३५ वर भागतं असं माझं मत. ३० च्या खाली ऐकणाऱ्याला प्रत्येक वाक्यामागे खोली ऐकू येते.

सावधान: ही मोजणी फोनच्या रेकॉर्डरवर करू नका. बरेच फोन गप्प क्षणी पातळी आपोआप वरखाली करतात किंवा गोंगाट दाबतात, त्यामुळे आकडा फसवा येतो. फोनवर नुसतं ऐकून गोंगाट कसला आहे ते ओळखा, तेवढंच.

## पायरी २: फुकटात जे बंद होतं ते आधी बंद करा

पंखा, फ्रिज, खिडकी आणि लॅपटॉपचा स्वतःचा पंखा या क्रमाने. पंखा पूर्ण बंद करणं मे महिन्यात कठीण असतं, हे मान्य. मग निदान एकवर आणा. छताच्या पंख्याचा त्रास दुहेरी असतो: त्याची घरघर येतेच, शिवाय वाऱ्याचा झोत माइकच्या जाळीवर आदळून वेगळी गुरगुर तयार होते. ती फोमच्या टोपीने कमी होते.

फ्रिजची गंमत अशी की तो मधेच सुरू होतो. बंद केलात तर गाडीची चावी फ्रिजवर ठेवा, म्हणजे परत चालू करायचं विसरणार नाही.

भिंतींचा घुमारा हा गोंगाटापेक्षा वेगळा प्रश्न आहे आणि अंड्यांचे ट्रे चिकटवून तो सुटत नाही. कार्डिऑइड माइक समोर बघतो, म्हणजे तुम्ही आणि तुमच्या पाठीमागची भिंत. लोक मात्र माइकच्या मागे फोम लावतात. जाड गोधडी किंवा उभी केलेली गादी स्वतःच्या पाठीमागे लावा. फरक पहिल्याच वाक्यात कळतो.

## पायरी ३: अंतर ठरवा

माइकचा प्रकार अजून ठरवायचा नाही. आधी हे ठरवा की तुमच्या कामात माइक तोंडाच्या किती जवळ येऊ शकतो.

एक उदाहरण सोडवून बघू. दहा बाय बाराची झोपण्याची खोली, पलीकडे स्वयंपाकघर, खिडकी रस्त्याकडे पण लावलेली, पंखा दोनवर. अशा खोलीत गोंगाट ४२ डेसिबल आहे असं समजा. साधं बोलणं एक मीटरवरून सुमारे ६० डेसिबल असतं. अंतर निम्मं झालं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. गोंगाट मात्र खोलीभर पसरलेला असल्याने माइक कुठेही ठेवला तरी तेवढाच राहतो. कार्डिऑइड माइक चहूबाजूंनी येणारा गोंगाट साधारण ५ डेसिबलने कमी ऐकतो, तो फायदा धरला तर हिशेब असा येतो:

- ४० सेंटीमीटरवर आवाज ६८, तफावत ३१
- १० सेंटीमीटरवर आवाज ८०, तफावत ४३
- ५ सेंटीमीटरवर आवाज ८६, तफावत ४९

या हिशेबात डायनॅमिक की कंडेन्सर हा प्रश्न आलाच नाही, हे लक्षात आलं असेल. टेबलावरून चार बोटांवर आलात की १२ ते १५ डेसिबल मिळतात, आणि माइक बदलून एवढं कधीच मिळत नाही. घुमाऱ्याचंही तसंच: अशा छोट्या, उघड्या भिंतींच्या खोलीत साधारण अर्ध्या मीटरच्या पलीकडे गेलं की थेट आवाजापेक्षा भिंतींवरून परतणारा आवाजच वरचढ व्हायला लागतो.

आता तीच खोली रात्री साडेअकराची. पंखा बंद, रस्ता थंड, गोंगाट ३२. माइक ४० सेंटीमीटरवर असूनही तफावत ४१ येते. दिवसा चार बोटांवर बसून जे मिळालं, जवळजवळ तेवढंच. घुमारा मात्र रात्रीही तसाच राहतो, त्याला गोधडीच हवी.

## पायरी ४: आता माइक निवडा

डायनॅमिक घ्या, जर तुम्ही बसून वाचता किंवा बोलता, माइक ओठांपासून ५ ते १० सेंटीमीटरवर ठेवायला काही अडचण नाही, आणि गोंगाट दिवसाचा, न टळणारा आहे. मुलाखतीचं पॉडकास्ट, दिवसा केलेलं कथावाचन, ऑनलाइन शिकवणी हे सगळं इथे येतं. इंटरफेस, म्हणजे माइक आणि लॅपटॉप यांच्यामधली जोडपेटी, घ्यायचा नसेल तर सॅमसन क्यू२यू किंवा ऑडिओ-टेक्निका एटीआर२१००एक्स यांसारखे डायनॅमिक माइक थेट यूएसबीवर चालतात, आणि पुढे इंटरफेस घेतला तर एक्सएलआर या तीन पिनांच्या केबलनेही जोडता येतात. एसएम५८ घेताना दुकान नीट बघा. बाजारात त्याच्या नकला भरपूर आहेत.

कंडेन्सर घ्या, जर तुम्ही रात्री किंवा पहाटे रेकॉर्ड करता, आवाज हळू आहे, गाणं किंवा अभिनयाचं वाचन करता आणि मान स्थिर राहत नाही. हा शेवटचा मुद्दा बरेचजण विसरतात. ५ सेंटीमीटरवर बसलेला माणूस अजून ५ सेंटीमीटर मागे सरकला की आवाज ६ डेसिबलने पडतो आणि खर्जही जातो. ४० वर बसलेला तेवढाच सरकला तर जेमतेम १ डेसिबल. जवळचा माइक शिस्त मागतो. ती नसेल तर प्रत्येक वाक्य वेगळ्या खोलीत बोलल्यासारखं ऐकू येतं.

काहीच घेऊ नका, जर कंडेन्सर आधीच घरात आहे. त्याला पॉप फिल्टर लावा, १० ते १२ सेंटीमीटरवर आणा, थोडा तिरका करा, गेन कमी करा आणि परत मोजा. तफावत डायनॅमिकइतकीच येईल. तरीही "प", "फ", "भ" फुटत असतील, तोंडातली चिकचिक आणि "स" बोचत असेल, तर मग डायनॅमिकला खरं कारण मिळालं.

व्हिडिओत माइक दिसायला नको असेल तर हे दोन्ही बाजूला ठेवा. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, तीन फुटांवर ठेवलेल्या माइकला गोंगाटाच्या खोलीत काहीच वाचवत नाही. कॉलरला लावायचा छोटा माइक वीतभर अंतरावर येतो, तोच बरा.

तपासा: माइकमध्ये कुठल्या बाजूने बोलायचं ते माहीत आहे का? हातातल्या माइकमध्ये टोकाकडून बोलतात. बहुतेक मोठ्या पडद्याच्या कंडेन्सरमध्ये, आणि ब्लू यती या यूएसबी माइकमध्येही, बाजूने बोलतात. यतीच्या डोक्यावर बोलणारे आणि वर त्याची दिशा चुकून "सगळीकडून" वर ठेवणारे मी बरेच पाहिले. त्या जोडीपुढे तफावत टिकत नाही.

## पायरी ५: मांडणी

कार्डिऑइड माइक बरोबर मागून सर्वात कमी ऐकतो. म्हणून त्याची शेपटी गोंगाटाकडे करा. खिडकी हा मुख्य त्रास असेल तर खिडकीकडे तोंड करून बसा, म्हणजे माइकची पाठ खिडकीला येते. हे उलटं वाटतं, आणि लोक नेमके खिडकीकडे पाठ करून बसतात. मग माइक तुमच्या खांद्यावरून थेट रस्ता बघतो. गोधडी अर्थातच तुमच्या पाठीमागे राहते.

त्रास छताच्या पंख्याचा असेल तर टेबलावरच्या स्टँडऐवजी बूम आर्म घ्या आणि माइक कपाळाच्या उंचीवरून खाली, ओठांकडे रोखा. शेपटी पंख्याकडे जाते. पण यातून फार अपेक्षा ठेवू नका. पंख्याचा बराचसा गोंगाट भिंतींवरून फिरून समोरूनच येतो.

हवेचा झोत जाळीवर सरळ आपटू नये म्हणून माइक ओठांच्या कोपऱ्याकडून, ३० ते ४५ अंश तिरका ठेवा. जवळ आल्यावर खर्ज फुगतो. तो माइकचा दोष नव्हे, कार्डिऑइड माइकचा स्वभाव आहे. पायरी १ मधलाच हाय-पास फिल्टर, ८० ते १००, इथेही कामाला येतो.

जोडणीतल्या चुका: स्टुडिओच्या कंडेन्सरला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते. स्वस्त बीएम-८०० बरोबर येणारी साडेतीन मिलिमीटरची वायर लॅपटॉपच्या भोकात घालून "माइक खराब आहे" म्हणू नका, त्याला तिथे पुरेशी वीजच मिळत नाही. कराओकेच्या डायनॅमिक माइकची जाड पिनही कन्व्हर्टर लावून लॅपटॉपला जोडू नका. तिथला गेन त्याला पुरत नाही आणि सळसळ वर येते.

## पायरी ६: गेन

वाचताना सर्वात मोठं वाक्य -१२ ते -१० डेसिबलपर्यंत जाईल इतका गेन ठेवा. एसएम५८ ला जवळून बोलताना इंटरफेसचं बटण अर्ध्याच्या बरंच पुढे जातं, ते चुकीचं नाही. श्युअरचाच दुसरा डायनॅमिक, एसएम७बी, घेणार असाल तर इंटरफेसमध्ये सुमारे ६० डेसिबल गेन आहे का ते आधी बघा.

इथे आणखी एक खर्चिक गैरसमज आहे: "सळसळ येते, म्हणून बूस्टर घेतला." बूस्टर म्हणजे इंटरफेसच्या आधीच माइकचा सिग्नल वाढवणारी छोटी पेटी. इंटरफेसची सळसळ आणि खोलीचा गोंगाट या दोन गोष्टी आहेत. चांगल्या इंटरफेसवर एसएम५८ लावला तर त्या जोडीची स्वतःची सळसळ खोलीतल्या सुमारे १८ ते २० डेसिबलच्या गोंगाटाएवढी भरते. एटी२०२० या कंडेन्सरची स्वतःची सळसळही २० आहे. तुमची खोली ४२ वर ओरडत असताना ही सळसळ ऐकूच येत नाही. बूस्टर त्या २० शी लढतो, ४२ शी नाही. त्याच कारणाने "अतिशय कमी सळसळ" असं लिहिलेल्या महागड्या कंडेन्सरसाठी अशा खोलीत जादा पैसे मोजू नका.

तपासा: घूं... असा एकसुरी नाद येतो? माइक हातात घेऊन जागच्या जागी फिरवा. नाद कमी-जास्त झाला तर तो चुंबकीय आहे. डायनॅमिकमध्ये तारेची गुंडाळी असते आणि ती चार्जर, स्टॅबिलायझर, ट्रान्सफॉर्मर यांचा नाद पकडते. त्या वस्तू दूर सरकवा. माइक फिरवून फरक पडत नसेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. दोन पिनांच्या, अर्थिंग नसलेल्या चार्जरचा हा नेहमीचा खेळ आहे.

## पायरी ७: दोन माइकची तुलना करायची तर अशी करा

दुकानात किंवा मित्राकडे दोन्ही हाताशी असतील तर दोन्हींच्या जाळ्या तोंडापासून सारख्या अंतरावर ठेवा. तोच परिच्छेद दोनदा वाचा, प्रत्येकाआधी तीच ३० सेकंदांची शांतता. मग दोन्ही वाचनांची पातळी Loudness Normalization ने सारखी करा, आणि शांततेचा तुकडाही त्याच निवडीत असू द्या. वेगळा केलात तर तो वेगळ्या प्रमाणात वाढेल आणि तुलना फुकट जाईल. ऐकताना फक्त वाक्यांमधल्या जागा ऐका. वाक्यं ऐकलीत तर कंडेन्सरची चकाकी तुम्हाला भुलवेल.

दुसऱ्या फेरीत दोन्ही माइक तुम्ही प्रत्यक्ष वापराल त्या अंतरावर ठेवा: डायनॅमिक चार बोटांवर, कंडेन्सर जिथे तुम्हाला मोकळं वाटतं तिथे. पहिल्या फेरीत दोन आकडे जवळजवळ आले आणि दुसऱ्या फेरीत फाकले, तर फरक अंतराने पाडला. पहिल्याच फेरीत पाच-सहाचा फरक दिसला तर बहुतेक दिशा चुकली आहे किंवा एक माइक कार्डिऑइड नाही, म्हणून मागे जाऊन पायरी ४ मधली तपासणी करा.

गोंगाट काढणारा Noise Reduction सगळ्यात शेवटी, आणि १० ते १२ डेसिबलच्या वर नको. पंख्यासारखा एकसारखा गोंगाट तो काढतो. हॉर्न, कुत्रा आणि कूकर काढत नाही. तफावत २५ असताना त्याच्याकडून ४० करून घ्यायला गेलात तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

## पावसाळ्यासाठी

मुंबई, कोकण, गोव्यात राहणाऱ्यांनी कंडेन्सर घेताना ही एक गोष्ट हिशेबात धरावी. दमट हवेत कंडेन्सरच्या पडद्याजवळ ओल धरली की चटचट, फटफट असे तुटक नाद येतात, आणि लोक ते केबलमुळे आहेत असं समजून केबल बदलत बसतात. माइक स्टँडवर उघडा ठेवू नका. काम झालं की सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. चटचट सुरू झालीच तर एक-दोन दिवस तो तसाच डब्यात राहू द्या. हेअर ड्रायर लावू नका. डायनॅमिकला एवढे लाड लागत नाहीत. जून ते सप्टेंबर मी स्वतः त्याच्यावरच काम करतो.